खिळेवाल्यांचा काटा

नवे साहेब काही खात नाहीत, ही बातमी कळली आणि खिळेवाल्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

साहेब म्हणजे वजनमापे निरीक्षक. वर्षातून एकदा दुकानातला वजनकाटा तपासायचा, त्याला तारेचं शिशाचं सील लावायचं, वर्षाचा शिक्का मारायचा आणि प्रमाणपत्र द्यायचं, हे त्यांचं काम. आधीचे साहेब हे काम फार सुटसुटीत करत. ते दुकानात येतच नसत. खिळेवालेच त्यांच्याकडे जात, सोबत एक पाकीट जाई आणि परत येताना प्रमाणपत्र येई. काट्याला या सगळ्याचा पत्ताही नसे. अशा कनवाळू माणसाची अचानक बदली झाली आणि त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांनी म्हणे पहिल्याच दिवशी एका पीठवाल्याचं पाकीट उघडलं, पोच लिहिली आणि वरिष्ठांकडे जमा केलं.

"पोच लिहिली?" खिळेवाल्यांनी पुन्हा विचारलं.

"नाव-पत्त्यासकट," मेहुणा म्हणाला. "पीठवाला दोन दिवस दुकान उघडत नाहीये."

मेहुणा परवाना कार्यालयात खिडकीवर बसायचा. अडलेला कागद कोणत्या टेबलाखालून गेला की लवकर निघतो याचं त्याला सखोल ज्ञान होतं. घरात त्याला सगळे 'शक्कल' म्हणत. बहिणीला वाटे, भावाची हुशारी पाहून म्हणतात. बाकीच्यांना वेगळं वाटे.

खिळेवाल्यांच्या धास्तीला कारणही तसंच होतं. त्यांच्या दुकानात खिळे, स्क्रू, साखळी, तार सगळं वजनावर जाई. दोन वर्षांपूर्वी याच शक्कलने एक ओळखीचा कारागीर आणला होता. त्याने काट्याचं सील तोडलं, आतलं एक बटण दाबून काहीतरी आकडे फिरवले आणि काटा किलोमागे वीस ग्रॅम जास्त दाखवू लागला. तोडलेल्या सीलच्या जागी आधीच्या साहेबांनी न बघताच नवं सील पाठवून दिलं. मूठभर खिळ्यांत वीस ग्रॅम म्हणजे दोन-चार खिळे, कोण मोजत बसतं? खिळेवाल्यांनी अर्धा किलोचं वजन ठेवून खात्री करून घेतली होती. काटा पाचशे दहा दाखवत होता. त्या रात्री त्यांना जेवण जरा कमीच गेलं, पण झोप लागली. पुढे सवय झाली आणि जेवणही जाऊ लागलं.

बायकोला यातलं काही माहीत नव्हतं. म्हणजे, तिने कधी विचारलं नव्हतं. दुपारी गल्ल्यावर ती बसे आणि काट्याकडे बघून नुसती "हं" म्हणे. त्या "हं"चा अर्थ लावायचं खिळेवाले टाळत.

"आता काय करायचं रे?" त्यांनी मेहुण्याला विचारलं. "शिक्क्याची मुदत संपत आलीये. हा माणूस येऊन खरंच वजनं ठेवील."

"कारागिराला बोलावून काटा परत सरळ करून घ्या."

"सील तोडल्याशिवाय होतं का ते? आणि तुटलेलं सील दिसलं की संपलंच."

शक्कलने डोकं खाजवलं. त्याचं डोकं खाजलं की खिळेवाल्यांचा जीव धाकधुकीत पडे. "भावोजी, प्रत्येक माणूस काहीतरी खातोच. हा पैसे खात नाही ना? मग काय आवडतं ते शोधू."

दोन दिवसांत त्याने शोध लावला. साहेबांना प्रवचनं आवडत. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक निवृत्त शिक्षक जुन्या धर्मग्रंथांवर बोलत, त्यांना सगळे गुरुजी म्हणत. साहेब तिथे मागच्या रांगेत वही न घेता, डोळे मिटून ऐकत बसत.

"ठरलं," शक्कल म्हणाला. "आपल्या व्यापारी मंडळातर्फे गुरुजींचं प्रवचन. प्रमुख पाहुणे साहेब. शेजारी खुर्ची, समोर फुलं, भाषणात दोनदा कौतुक. आयोजक कोण? तुम्ही. दुसऱ्या दिवशी काटा तपासायला आले तर तुमच्याकडे बघून हसतील की नाही?"

"हसून वजनं ठेवली तर?"

"भावोजी, ओळखीच्या माणसाच्या काट्यावर कोणी वजनं ठेवत नाही. तो फक्त शिक्का ठेवतो."

खिळेवाल्यांना हे पटलं. शिवाय प्रवचन हा धर्मकार्याचा भाग, त्यात पाकीट नव्हतं, टेबल नव्हतं. मनाला कुठे टोचत नव्हतं. ते गुरुजींकडे गेले.

गुरुजी छोटेसे, काटकुळे, कानावर पेन्सिल अडकवलेले गृहस्थ होते. त्यांनी मानधन घेतलं नाही. येण्याजाण्याची सोयही नको म्हणाले. फक्त एक विचारलं, "ऐकायला कोण येणार?"

"दुकानदार असतील. आणि थोडे कार्यालयांतले लोक."

"वा! मग विषय ठरला. प्रामाणिक काम, लाच आणि आडवाटा. फार दिवस बोलायचं होतं, पण माझ्याकडे नेहमी पेन्शनवाले येतात. त्यांना आता कोण लाच देणार?"

खिळेवाल्यांचा चेहरा उतरला. "गुरुजी, मनःशांतीवर बोललात तर…?"

"त्याच्यावरच बोलतोय की," गुरुजी म्हणाले.

पुढचं काम सभागृहाचं. ते एका सरकारी खात्याच्या ताब्यात होतं आणि परवानगीचा अर्ज शक्कलच्याच इमारतीतल्या एका टेबलावर पडून होता. तिथला कारकून रजेवर, त्याच्या जागचा जागेवर नाही. शेवटी सभागृहाच्या रखवालदाराने सांगितलं, कागद येईल तेव्हा येईल, मी किल्ली देतो. माझ्या पत्र्याच्या छपरासाठी पाच किलो खिळे पडू द्या.

"बघा भावोजी, पैसेही नाहीत," शक्कल खुशीत म्हणाला. "नुसते खिळे!"

लाचेविरुद्धच्या प्रवचनाला सभागृह मिळवण्यासाठी लाच द्यावी लागते आहे, हे खिळेवाल्यांच्या लक्षात आलं. पण तोवर पत्रिका छापून वाटून झाल्या होत्या. त्यांनी आपल्या काट्यावर पाच किलो मोजले, पिशवी बांधली आणि रखवालदाराच्या हवाली केली. मनात एक समाधान होतंच, की पाचाच्या जागी चार किलो नऊशे गेले. लाचेतही थोडी बचत झाली.

प्रवचनाच्या संध्याकाळी सभागृह भरलं. साहेबांना मंचावर गुरुजींच्या शेजारी बसवलं होतं. उंच, शांत, चष्म्याच्या काचा सारख्या पुसणारे गृहस्थ. खिळेवाल्यांनी त्यांच्या हातात फुलांचा भलामोठा गुच्छ दिला आणि स्वागतात 'कर्तव्यदक्ष' हा शब्द ठरल्याप्रमाणे दोनदा वापरला. साहेब संकोचून हसले. शक्कलने पहिल्या रांगेतून अंगठा दाखवला.

गुरुजी उभे राहिले. आवाज बारीक, पण शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा.

"ग्रंथांत व्यापाराबद्दल खूप लिहिलंय," त्यांनी सुरुवात केली. "लोकांना वाटतं तिथे नुसता देव आणि स्वर्ग असतो. तसं नाही, तिथे तराजूही आहे. एक आज्ञा अशी की एका पिशवीत दोन वजनं ठेवू नका, एक हलकं, एक जड. का? त्या काळी वजनं म्हणजे दगड. घेताना जड दगड काढायचा, देताना हलका. खोटेपणा तराजूत नसायचा, पिशवीत असायचा. आता दगड गेले, पण पिशवी गेली का? दुसऱ्याकडून घेताना तोळा न् तोळा बघणारा आणि देताना डोळेझाक करणारा माणूस, त्याच्याजवळ अजून ती पिशवी आहे."

खिळेवाल्यांनी नकळत आपल्या खिशावर हात ठेवला.

"कार्यालयातल्या मंडळींनी हसू नये," गुरुजी पुढे म्हणाले. पहिल्या रांगेत शक्कल खरंच हसत होता. "तुमच्याकडे तराजू नाही, पण तुमच्याकडे वेळ आहे आणि सही आहे. ज्या कामाचा पगार घेतलात तेच काम समोरच्याला पुन्हा विकणं, हे खोटं वजनच. एकदा विकलेला माल दुसऱ्यांदा विकणं!"

शक्कलचं हसू थांबलं.

मागून एका चांभाराने हात वर केला. "गुरुजी, माझाच हक्काचा कागद अडवून ठेवला तर? दिल्याशिवाय मिळतच नसला तर? मग पाप कोणाला?"

हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात होता.

"चांगलं विचारलंत," गुरुजी म्हणाले. "यात दोन गोष्टी आहेत. दुसऱ्याचा हक्क आपल्याकडे ओढायला देता, आपली चूक झाकायला देता, तेव्हा देणारा आणि घेणारा एका नावेत. त्यात शंका नाही. पण तुमचीच वस्तू तुम्हाला परत द्यायला कोणी गळा धरला, तर मुख्य दोष गळा धरणाऱ्याचा, असं बहुतेक जाणते लोक सांगतात. मात्र आधी खरंच मागितलंत का? तक्रार केलीत का? थांबून बघितलंत का? का रांग लांब दिसली म्हणून पाकीट काढलंत? आपल्या घाईला 'नाइलाज' म्हणायची आपल्याला फार सवय आहे."

खिळेवाल्यांना रखवालदाराची किल्ली आठवली. अर्जासाठी त्यांनी एकदाही स्वतः जाऊन विचारलं नव्हतं.

"आणि लाच म्हणजे फक्त पाकीट नव्हे," गुरुजींचा बारीक आवाज आता रंगात आला. "एक जुनी शिकवण आहे. कर गोळा करायला गेलेला एक अधिकारी परत आला आणि म्हणाला, हा कर तुमचा, आणि या भेटी मला मिळाल्या. तेव्हा त्याला विचारलं गेलं, 'तू आपल्या आईबापांच्या घरी बसून राहिला असतास, तर या भेटी तुझ्या दारात आल्या असत्या का?' किती साधी कसोटी! मिळालेली वस्तू समोर ठेवा आणि विचारा, मी या खुर्चीत नसतो, घरी बसलेलो असतो, तर हे मला कोणी दिलं असतं का? उत्तर 'नाही' असेल तर ती भेट तुमची नाही, खुर्चीची आहे."

मंचावर साहेबांनी चष्मा पुसायचं थांबवलं. त्यांनी हातातल्या गुच्छाकडे पाहिलं. मग मंचावरच्या मऊ खुर्चीकडे. मग ते उठले.

"गुरुजी, मधे बोलतो, माफ करा. मी गेली कितीतरी वर्षं तुमच्याकडे मागच्या रांगेत बसतो. मला कधी कोणी मंचावर बोलावलं नाही. या भागात निरीक्षक म्हणून आलो आणि पाहुणा झालो." त्यांनी गुच्छ टेबलावर ठेवला. "हा खुर्चीचा आहे. मी माझ्या जागेवर जातो."

आणि ते खरंच खाली उतरून मागच्या रांगेत, चांभाराशेजारी जाऊन बसले. कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळेच वाजवू लागले. आयोजक म्हणून खिळेवाल्यांनाही वाजवावी लागली. आपल्याच गळ्यातला फास आवळताना इतक्या जोरात टाळ्या वाजवायची त्यांची पहिलीच वेळ होती.

"बसा शांत," शक्कल कुजबुजला. "अजून काही बिघडलेलं नाही."

त्याच क्षणी रखवालदार दारातून पुढे आला. त्याच्या खांद्यावर एक पिशवी होती आणि डोळे ओले होते. पिशवी त्याने मंचाच्या कडेला धाडकन ठेवली.

"गुरुजी, मी या सभागृहाच्या किल्लीसाठी पाच किलो खिळे घेतले. मला नकोत ते." तो नाक ओढून म्हणाला. "आणि आणखी एक. घरी नेऊन शेजारच्या वाण्याच्या काट्यावर तोलले तर पाच किलो दोनशे भरले. बोललो पाच, मिळाले जास्त. म्हणजे लाचेतही मी जास्तीचं खाल्लं. त्या दोनशे ग्रॅमचं पाप वेगळं मोजतात का?"

सभागृहात हशा पिकला. खिळेवाल्यांना मात्र हसू येईना. पाच किलो दोनशे? त्यांच्या हिशेबाने तर शंभर ग्रॅम कमी जायला हवे होते.

मागच्या रांगेतून साहेबांचा शांत आवाज आला. "खिळे कोणाच्या दुकानातले?"

रखवालदाराने बोट दाखवलं. बायकांच्या रांगेतून एक ओळखीचं "हं" ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच साहेब दारात उभे होते. त्यांच्या मागे सहायकाने मखमलीच्या खणांची पेटी आणली होती आणि त्यात चकचकीत प्रमाण वजनं होती. बातमी पसरली होतीच. चांभार, पीठवाला, शेजारचा रंगवाला, रखवालदार, सगळे दुकानासमोर जमले. खिळेवाल्यांनी कुलूप काढून दार उघडलं. काटा जप्त झाला तर दुकान बंद, आणि त्याहून वाईट म्हणजे बायकोसमोर बंद. ती गल्ल्याशेजारी हाताची घडी घालून उभी होती.

"नियमाने लहान वजनापासून सुरू करायचं असतं," साहेब म्हणाले, "पण तक्रार पाच किलोची आहे. आधी तीच बघू."

त्यांनी ताटाच्या मधोमध पाच किलो ठेवलं. काटा म्हणाला, चार किलो आठशे दहा. गर्दीत कुजबुज झाली. साहेबांनी वजन एका कोपऱ्यात सरकवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. चौथ्या कोपऱ्यात नेलं तेव्हा आकडा आणखीच घसरला.

"चारही कोपरे सारखे दाखवायला हवेत," ते सहायकाला म्हणाले. "ताट काढा."

ताट काढलं. चौथ्या कोपऱ्याखाली, ताट आणि बूड यांच्यामधल्या फटीत, एक जाडजूड खिळा आडवा पडला होता. कधीतरी मोजताना ओघळून आत गेलेला. हलकं वजन असलं की ताट त्याला टेकत नसे. जड झालं की ताट वाकून त्याच्यावर विसावे आणि वजनाचा एक वाटा खिळाच उचलून धरी. काट्याला तेवढं कमी कळे, आणि गिऱ्हाइकाला तेवढं जास्त मिळे.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही घाऊक माल जास्त देत होता!" रंगवाला ओरडला. "मी सगळी साखळी तुमच्याकडून नेली, देव तुमचं भलं करो!"

"वा, खिळेवाले! आणि आमच्या नावाची पोच निघते!" पीठवाला कळवळून म्हणाला. चांभाराने पुढे येऊन हात जोडले. रखवालदार म्हणाला, गुरुजींना हे सांगायलाच हवं. खिळेवाल्यांना वाटलं आपण तरंगतोय. चेहऱ्यावर नम्र भाव आणायचा त्यांनी प्रयत्न केला आणि तो बऱ्यापैकी जमला.

"सगळ्यांना असंच," ते हळूच म्हणाले. "आपण कोण मोजणारे?"

"आधीच्या तपासणीत हे दिसायलाच हवं होतं," साहेब म्हणाले. "कोपऱ्यांची चाचणी घ्यायला अगदी थोडा वेळ लागतो. तेव्हा घेतली नव्हती का?"

खिळेवाल्यांच्या डोळ्यांसमोरून दोन वर्षांतली पाकिटं गेली. ती पाकिटं कशासाठी दिली होती? कोणी ताट उचलू नये यासाठी. म्हणजे स्वतःचं नुकसान चालू राहावं यासाठी ते नियमाने पैसे भरत होते. त्यांना रडावं की हसावं कळेना.

साहेबांनी खिळा चिमटीत धरून गल्ल्यावर ठेवला, ताट परत बसवलं आणि पेटीतून किलोचं वजन काढलं. "आता पहिल्यापासून."

खिळेवाल्यांचं तरंगणं थांबलं.

खिळा गेला. आता काट्यात फक्त कारागिराचं बटण उरलं होतं. आणि त्यांना एकदम सगळं नीट दिसलं. जड माल नेणारा रंगवाला इतके दिवस फुकट खात होता. आणि चप्पल ठोकायला पाव-अर्धा किलो खिळे नेणारा चांभार, जो आत्ता हात जोडून उभा होता, त्याच्या प्रत्येक पुडीतून दोन-चार खिळे गेले होते. एका पिशवीत दोन वजनं. आणि पिशवी त्यांच्याच गल्ल्यावर होती.

"साहेब," ते म्हणाले, "खिळा… राहू द्या ना आत."

"काय?"

"म्हणजे दुकानात तेवढाच एक प्रामाणिक होता."

कोणी हसलं नाही, कारण कोणाला कळलं नाही. फक्त बायकोने हाताची घडी सोडली. शक्कल गर्दीतून मागे मागे सरकत कोपऱ्यावर दिसेनासा झाला.

साहेब वजन हातात धरून थांबले. खिळेवाल्यांनी चांभाराकडे पाहिलं, मग जमिनीकडे. त्यांना आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"वजन ठेवायची गरज नाही, साहेब. मीच सांगतो. वीस ग्रॅम जास्त दाखवील. सील तोडून करून घेतलंय. मीच."

चांभाराचे जोडलेले हात सावकाश खाली आले. "म्हणजे माझ्या पुड्या…" तो म्हणाला.

"तुमच्याच," खिळेवाले म्हणाले. "तुम्हीच सगळ्यात कमी नेता ना, म्हणून तुमच्याच."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले, जणू बेडी घालायचीच बाकी होती. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"कबुली लिहून घेतो. काटा जप्त होईल, दंड होईल. दुरुस्तीही अधिकृत माणसाकडूनच करावी लागेल." एवढं बोलून त्यांनी किलोचं वजन उचललं. "पण वजन ठेवणारच."

"अहो, मी सांगितलं ना खरं!"

"तुमच्या नुसत्या शब्दावर लिहून घेतलं, तर आधीच्या साहेबांत आणि माझ्यात फरक काय राहिला?"

वजन ताटाच्या मधोमध बसलं. आकडे थरथरले आणि थांबले. एक किलो वीस ग्रॅम. बायको वाकून आली, काट्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. या खेपेला ती "हं" म्हणाली नाही.

"बरोब्बर," ती म्हणाली. "दोन वर्षांत पहिल्यांदा तुमचं बोलणं आणि काटा जुळले."